कॅसेटवरच्या अभंगाचे शब्द कागदावर कसे आणायचे

बोललेलं ऐकून लिहून देणारी सॉफ्टवेअर आता मराठीतही बरी चालतात. मुलाखत, सभेतलं भाषण, व्हॉट्सॲपवरचा लांबलचक निरोप त्यांच्याकडे दिला, तर दुरुस्त करून वापरता येईल असा मजकूर हाती येतो. याच भरवशावर माणूस गावच्या भजनी मंडळाची जुनी कॅसेट संगणकावर घेतो, अख्खी फाइल सॉफ्टवेअरला देतो आणि बघत बसतो. बाहेर येतं ते असं: चार ओळी कशाबशा जुळणाऱ्या, मग एकच शब्द पंधरा वेळा, मध्येच हिंदी, आणि पेटीच्या सुरावटीवर चक्क ‘धन्यवाद’.

यावरून सॉफ्टवेअर टाकाऊ ठरवायचं कारण नाही. ते बोलण्यावर शिकलेलं आहे आणि गाणं हे बोलणं नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. गाण्यात बोलण्यापेक्षा जास्त अडचणी असतात हे खरं, पण बोलण्यात नसलेल्या तीन सोयीही असतात: ओळी पुन्हा पुन्हा म्हटल्या जातात, अक्षरांचं माप ठरलेलं असतं आणि यमक असतं. या तिन्हींचा उपयोग करून घेतला, तर वापरता येण्याजोगा कच्चा मसुदा निघतो. इथे मी अभंग हेच उदाहरण धरतो. कारण छापील गाथेत नसलेले, कुणा गावकऱ्याने रचलेले आणि फक्त गळ्यात राहिलेले अभंग महाराष्ट्रात भरपूर आहेत. प्रसिद्ध गाण्यांसाठी हा खटाटोप करू नका, त्यांचे शब्द शोधले की मिळतात.

यंत्राचं नेमकं कुठे अडतं

आधी हे समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या मंत्रासारख्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

बोलताना स्वर आणि व्यंजन यांचं एक प्रमाण असतं. गाताना व्यंजन तेवढंच राहतं, क्षणभराचं, आणि स्वर मात्र ताणला जातो. ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ पटकन होऊन जातो आणि त्याआधीची ‘वि’ दोन-तीन सेकंद हेलकावे खात असते. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि नेमकी ती पखवाजाच्या किंवा तबल्याच्या थापेखाली येतात, कारण गाणारा शब्दाचा ठोका तालाच्या ठोक्यावरच टाकतो. ‘क’, ‘त’, ‘प’ ही अक्षरं म्हणजे मुळात छोटे स्फोटच. त्याच क्षणी थाप पडली की यंत्राला दोन्ही एकच वाटतात.

दुसरी गोष्ट सुराच्या उंचीची. ‘ई’ आणि ‘ए’ यांतला फरक कानाला कळतो, कारण तोंडाच्या आकारामुळे आवाजातले काही पट्टे उठून येतात. ‘ई’चा सगळ्यात खालचा पट्टा साधारण 300 हर्ट्झच्या आसपास असतो. काळी चार पट्टीत गाणारी बाई तार षड्जाला पोचली की तिचा मूळ सूरच 415 हर्ट्झचा होतो. म्हणजे ज्या पट्ट्यावरून ‘ई’ ओळखायची, तिथे आवाजच उरत नाही. वरच्या सुरात ‘ई’ आणि ‘ए’, ‘ऊ’ आणि ‘ओ’ एकमेकांत मिसळतात ते यामुळे. माणसालाही तिथे नीट ऐकू येत नसतं. त्याला शब्द आधीपासून माहीत असतात, म्हणून ऐकू आल्यासारखं वाटतं.

तिसरी अडचण खास मराठीची आहे आणि मसुद्यात सगळ्यात जास्त घोळ तीच घालते. बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो. ‘देव’ लिहितो, ‘देव्’ म्हणतो. गाताना मात्र तो ‘अ’ पूर्ण म्हणावा लागतो, कारण त्या अक्षरालाही मात्रा दिलेली असते. शिवाय तो लांबवला जातो. यंत्राला ऐकू येतं ‘देवाऽ’, आणि ते ‘देवा’ असं लिहून मोकळं होतं. कर्त्याचं संबोधन झालं! ‘पांडुरंग’चं ‘पांडुरंगा’, ‘नाम’चं ‘नामा’, ‘संत’चं ‘संता’. ओळ दिसायला निर्दोष, अर्थ मात्र बदललेला. अशा चुका वाचून पकडता येत नाहीत, म्हणून त्यांची यादी डोक्यात ठेवूनच मसुदा तपासावा.

चौथी अडचण यंत्राच्या स्वभावात आहे. सध्या घराघरांत पोचलेलं मॉडेल म्हणजे ओपनएआय कंपनीचं व्हिस्पर. ते सप्टेंबर 2022 मध्ये खुलं झालं, तेव्हा ते 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकलेलं होतं. त्यात मराठीचा वाटा अगदीच किरकोळ. ते फक्त ऐकत नाही, पुढचा शब्द काय असेल याचा अंदाजही बांधतं. ऐकू येणं कमी झालं की अंदाजाचं पारडं जड होतं, आणि मग वाद्यांच्या तुकड्यावरही ते काहीतरी लिहितंच. इंटरनेटवरच्या व्हिडिओंखालच्या मजकुरावर वाढल्यामुळे रिकाम्या जागी त्याला ‘धन्यवाद’ सुचतं. एकदा एखादी ओळ लिहिली की तीच पुन्हा लिहायचा मोहही त्याला होतो, आणि भजनात ओळी खरोखरच पुन्हा येत असल्याने खरी पुनरावृत्ती कुठली आणि यंत्राची चाकोरी कुठली, हे वरवर बघून सांगता येत नाही.

पहिली पायरी: आवाज जसा आहे तसा मिळवा

नातेवाईक रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवतात. ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल तशीच येते. फोन स्पीकरजवळ धरून केलेलं रेकॉर्डिंग शक्यतो घेऊच नका. कॅसेट असेल तर टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर लावून थेट संगणकात घ्या आणि WAV स्वरूपात ठेवा. त्याआधी टेपचं हेड स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसून घ्या. मळलेल्या हेडमुळे सगळ्यात आधी वरचे सूर जातात, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांची ओळख तिथेच असते.

खरखर काढण्याचा मोह आवरा. नॉइज रिडक्शन जोरात लावलं की खरखरीबरोबर ‘स’ आणि ‘ह’ही जातात. कानाला गोड वाटलेली फाइल यंत्राला जास्त अवघड जाते.

दुसरी पायरी: गळा वेगळा काढा

गाण्यातून गायकाचा आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी साधनं फुकट मिळतात. त्यांतलं डीमक्स मी वापरतो, ते मेटा कंपनीच्या संशोधकांनी केलेलं आहे. ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या नाहीत त्यांच्यासाठी अल्टिमेट व्होकल रिमूव्हर नावाचं बटणांचं सॉफ्टवेअर आहे, त्यात डीमक्सही चालवता येतं. घरचा संगणक जुना असेल तर गूगल कोलॅबवर फुकट मिळणाऱ्या यंत्रावर गळा वेगळा काढणं आणि शब्द लिहून घेणं ही दोन्ही कामं होतात.

```
pip install -U openai-whisper demucs
demucs --two-stems=vocals abhang.wav
```

काम संपलं की `separated/htdemucs/abhang` या फोल्डरमध्ये `vocals.wav` आणि `no_vocals.wav` अशा दोन फाइल मिळतात. इथे क्रम महत्त्वाचा आहे. वेगळं काढण्याचं काम मूळ, पूर्ण दर्जाच्या फाइलवर करायचं. व्हिस्पर आवाज 16 किलोहर्ट्झवर आणतं, पण ते काम त्याचं त्याला करू द्या, आपण आधीच आवाजाचा दर्जा कमी करून तो डीमक्सला दिला तर त्याला पकडायला काही उरत नाही.

आता `vocals.wav` कानाने ऐका, आणि फार अपेक्षा ठेवू नका. ही मॉडेल बहुतांशी ड्रम, बेस गिटार आणि गळा अशा पाश्चात्त्य धाटणीच्या गाण्यांवर शिकली आहेत. पखवाज आणि टाळ ती बऱ्यापैकी बाजूला काढतात, पेटी मात्र चिकटून राहते. एक तर पेटीचा आवाज गळ्यासारखाच अखंड वाहणारा. त्यात आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे सावलीसारखा जातो, म्हणजे जो सूर गळ्यात तोच पेटीत, किंचित उशिरा. दोघांचे पट्टे एकावर एक बसलेले असतात. गिटारच्या साथीत ही अडचण एवढी येत नाही, कारण ती बहुधा गायकाची चाल जशीच्या तशी वाजवत नाही.

वेगळ्या काढलेल्या गळ्यात कधी कधी पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज येतो. तसं असेल तर मूळ फाइलच यंत्राला जास्त मानवते. म्हणून मी एकाच तुकड्यावर दोन्ही चालवून बघतो, मूळ आणि वेगळी काढलेली, आणि ज्यात कमी ओढाताण दिसेल ती पुढे नेतो. बऱ्याचदा काही ओळी एकीतून नीट येतात आणि काही दुसरीतून.

तिसरी पायरी: ओळीओळीने तुकडे

नवखे लोक हीच पायरी गाळतात, आणि सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो. व्हिस्पर तीस-तीस सेकंदांच्या खिडकीतून ऐकतं. त्या खिडकीत अर्धी ओळ, मग पेटीचा तुकडा, मग आलाप आणि पुन्हा पाऊण ओळ आली, की रिकाम्या जागा ते कल्पनेने भरतं. म्हणून ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. गायक श्वास घेतो तिथून पुढच्या श्वासापर्यंत एक-दोन ओळी निवडा आणि `Ctrl+B` दाबून त्या भागाला नाव द्या. नाव साधं ठेवा: ‘1_ekta’, ‘1_mandal’, ‘2_ekta’. सगळे भाग झाले की एक्स्पोर्टमध्ये लेबलांप्रमाणे अनेक फाइल काढायची सोय आहे, ती वापरा. तुकडा दहा ते पंचवीस सेकंदांचा असावा. आलाप, नुसता टाळमृदंग आणि ‘रामकृष्णहरी’चा गजर घेऊच नका.

‘एकटा’ आणि ‘मंडळ’ असे वेगळे तुकडे ठेवण्यालाही कारण आहे. बुवा एकटे म्हणतात तेव्हा शब्द स्वच्छ असतात पण हरकती जास्त. मागून मंडळ म्हणतं तेव्हा दहा गळे एकमेकांच्या किंचित मागेपुढे असतात, त्यात व्यंजनं पुसट होतात, पण चाल सरळ असते आणि स्वर कमी ताणलेले असतात. दोघांच्या चुका वेगवेगळ्या जागी पडतात, आणि तेच आपल्या कामाचं आहे.

बोलण्यातली शांतता कापणारी सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते, तिला व्हीएडी म्हणतात. ती गाण्यासाठी बंद ठेवा. लांबवलेला सूर तिला बोलणं वाटत नाही आणि ओळीचं शेपूट ती कापून टाकते.

चौथी पायरी: यंत्राला नेमकं सांगा

```
whisper 1_ekta.wav --model large-v3 --language mr \
  --condition_on_previous_text False --output_format srt
```

`--language mr` लिहिलं नाही, तर यंत्र पहिले तीस सेकंद ऐकून भाषा स्वतः ठरवतं. सुरुवातीला पेटी असेल तर ते हिंदीवर जातं, कधी कुठल्या भलत्याच भाषेवर. `--condition_on_previous_text False` म्हणजे आधी लिहिलेल्या मजकुरावरून पुढचा अंदाज बांधू नकोस. एकच शब्द पंधरा वेळा येण्यावर हा पहिला उतारा. छोटी मॉडेल पटकन चालतात, पण मराठी गाण्याला ती पुरत नाहीत. `large-v3` साठी ग्राफिक्स कार्डात साधारण दहा जीबी जागा लागते, म्हणून कोलॅब बरं पडतं.

आणखी एक सोय आहे, `--initial_prompt`. तिथे अभंगात येणारी नावं देता येतात: गावाचं, देवाचं आणि शेवटच्या कडव्यात येणारी कवीची नाममुद्रा. ‘अमका म्हणे’मधला अमका यंत्राला कधीच माहीत नसतो, तो इथे सांगावा. पण या सूचनेत जास्तीत जास्त 224 टोकन, म्हणजे यंत्र मजकुराचे करतं ते बारीक तुकडे, बसतात, आणि देवनागरीचं एकेक अक्षर व्हिस्परला अनेक टोकनांत मोडावं लागतं. त्यामुळे दोन-तीन ओळींतच जागा भरते. त्याहून लांब लिहिलंत तर सुरुवातीचा भाग गळतो, तेही न सांगता. पाच-सहा शब्दच द्या. आणि ज्या शब्दाबद्दल शंका आहे तो तिथे कधीही देऊ नका. यंत्र तो जिथे नाही तिथेही ‘ऐकतं’, आणि मग तुम्हाला वाटतं की आपलाच अंदाज बरोबर होता.

दुसरा साक्षीदार हवा असेल तर मद्रास आयआयटीतल्या एआयफोरभारत गटाचं इंडिककन्फॉर्मर चालवून बघा. ते भारतीय भाषांसाठीच तयार केलेलं आहे. त्याची घडण वेगळी असल्यामुळे ते गोष्टी कमी रचतं. ऐकू आलं नाही तर वेडीवाकडी अक्षरं लिहितं, पण ती ऐकलेली असतात. कागदावर ते ओबडधोबड दिसतं. मला मात्र व्हिस्परच्या सफाईदार थापेपेक्षा ते बरं वाटतं.

पाचवी पायरी: ओळी एकाखाली एक मांडा

आता खरं काम. दाखवण्यासाठी मी मोठ्या अभंगाच्या मापात दोन कडवी बांधली आहेत. खालच्या चुका मात्र अशा मसुद्यांत नेहमी दिसतात त्याच जातीच्या आहेत. पहिल्या कडव्यासाठी यंत्राने असं दिलं आहे असं धरा:

बुवा एकटे: वड्याच्या काठाला माझी ही पंढरी
मंडळ: ओढ्या चकाट्याला माझी पंढरी
बुवा एकटे: उभा तीच दारी पांडुरंगा
मंडळ: उभा तिच्या दारी पांडुरंगा

मोठ्या अभंगाचं माप पक्कं असतं: एका कडव्यात चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं. अक्षर ऱ्हस्व की दीर्घ हे इथे बघत नाहीत, जोडाक्षर एकच धरतात आणि शेवटचा न बोलला जाणारा ‘अ’ही मोजतात. बोटांवर मोजा.

‘वड्याच्या काठाला’ सहा. ‘ओढ्या चकाट्याला’ हेही सहा. म्हणजे माप दोन्हींचं बरोबर, निवड अर्थाने करायची. वड्याला काठ नसतो, ओढ्याला असतो, आणि गाताना ‘ओ’ची सुरुवात ‘व’सारखी होते हे ठाऊक असलं की ‘वड्याच्या’ कुठून आलं ते कळतं. ‘ढ’चा ‘ड’ होणं तर रोजचंच, महाप्राण अक्षरांतली हवा गाण्यात सगळ्यात आधी जाते. मंडळाच्या ओळीतून ‘ओढ्या’ घ्यायचं, बुवांच्या ओळीतून ‘च्या काठाला’. पहिला चरण झाला: ओढ्याच्या काठाला.

दुसरा चरण मंडळाकडून ‘माझी पंढरी’ आला आहे, पाचच अक्षरं. एक गळलं. बुवांच्या ओळीत ‘ही’ आहे, तिने सहा होतात. तिसऱ्या चरणात ‘उभा तीच दारी’ आणि ‘उभा तिच्या दारी’ दोन्ही सहा, यमकही दोन्हीकडे ‘री’. माप इथे काहीच सांगत नाही. मंडळाचं ‘तिच्या’ घ्यायचं कारण त्याशिवाय वाक्य लागत नाही, पण अशा ठिकाणी मूळ तुकडा पुन्हा ऐकून खात्री करायचीच. चौथ्या चरणात दोन्ही साक्षीदार ‘पांडुरंगा’ म्हणतात. एकमत झालं म्हणून फसू नका, दोघंही शेवटचा ‘अ’ ओढत होते. ‘उभा’ म्हणजे कुणीतरी उभा आहे, त्याला हाक मारलेली नाही. म्हणून ‘पांडुरंग’. कडवं असं उभं राहतं:

ओढ्याच्या काठाला । माझी ही पंढरी ।
उभा तिच्या दारी । पांडुरंग ॥

दुसऱ्या कडव्यासाठी एकच वापरण्यासारखा तुकडा मिळाला असं समजा, आणि त्यातून आलं: ‘नागर हाकता फुटे गामांगी तोच माझ्या संगी टाळकरी टाळकरी टाळकरी’. ‘नागर’मध्ये तीन अक्षरं आहेत, ‘नांगर’मध्येही तीनच, म्हणजे अनुस्वार मोजून सापडत नाही, हाकायचा असतो तो नांगर एवढ्यावरूनच तो भरायचा. ‘फुटे गामांगी’ पाच अक्षरांवर थांबतं. एक कमी आहे, आणि शेवटचा ‘गी’ पुढच्या ‘संगी’शी जुळतो, म्हणजे शेवट बरोबर आहे आणि गळती मधेच. ‘गामां’ सोडवून बघा: ‘घाम अं’. गाताना ‘घाम’चा शेवटचा ‘अ’ आणि ‘अंगी’चा ‘अं’ एकमेकांत विरघळले. ‘फुटे घाम अंगी’, सहा. तुकड्यात नेमक्या त्या जागी सूर किंचित लांबलेला ऐकू येतो का, ते बघा. येत असेल तर दोन अक्षरं एकत्र म्हटली आहेत. येत नसेल तर शब्द वेगळा असू शकतो.

नांगर हाकता । फुटे घाम अंगी ।
तोच माझ्या संगी । टाळकरी ॥

राहिला ‘टाळकरी’ तीनदा. बुवांनी तीनदा म्हटलं की यंत्र चाकोरीत अडकलं? SRT फाइलमध्ये प्रत्येक ओळीची वेळ असते, तिथे बघा. तीन शब्दांना मिळून दोन-चार सेकंद असतील आणि त्या वेळी गळा खरोखर चालू असेल, तर बुवांनी म्हटलं आहे. वेळ वाद्यांच्या तुकड्यावर पडत असेल तर यंत्राचंच. वेळेवरून दुसऱ्याही थापा कळतात. एका सेकंदात अख्खी ओळ, किंवा पंचवीस सेकंदांत दोन शब्द, असं दिसलं की तो भाग कानाने ऐकल्याशिवाय घेऊ नका. एरवी मोडकातोडका मजकूर येत असताना अचानक शुद्ध, प्रमाण, वर्तमानपत्रासारखं वाक्य आलं तर त्यावर आधी संशय घ्या.

मापाला एक मर्यादा आहे. गावचे कवी मापाला चिकटून राहतातच असं नाही, आणि म्हणणारे ‘बा’, ‘गा’, ‘हो’ अशी भर घालतात. एखाद्या चरणात सात अक्षरं खरोखर ऐकू येत असतील तर सातच लिहा. मोजणीचा उपयोग कुठे पुन्हा ऐकायचं हे ठरवण्यापुरता. सहाच्या हट्टापायी कवीचं अक्षर कापू नका.

सहावी पायरी: जे यंत्राला जमत नाही ते स्वतः म्हणा

काही ओळी काहीही केलं तरी येत नाहीत. तिथे थेट मसुद्याशी झगडण्यापेक्षा सोपा उपाय आहे. कानाला हेडफोन लावा, ओळ ऐका, आणि ती चाल सोडून, साध्या बोलण्याच्या लयीत फोनच्या मराठी व्हॉइस टायपिंगमध्ये म्हणा. टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमांना अक्षरं देण्यासाठी परदेशात माणसं अशीच ऐकून पुन्हा बोलायला बसवतात. तुमचा आवाज स्वच्छ, वाद्यं नाहीत, स्वर ताणलेले नाहीत. यंत्र ज्यावर शिकलं तेच तुम्ही त्याला देत असता. टाइप करायची सवय नसलेल्यांना तर मी पहिल्या पायरीपासून हाच रस्ता सांगतो. पूर्ण अभंग असा उतरवला तरी चालतं, फक्त ऐकू न आलेला शब्द अंदाजाने म्हणू नका, तिथे ‘टिंब टिंब’ म्हणा.

अजून गाणारं कुणी हयात असेल तर त्यांच्याकडे जा. जाताना एक गोष्ट लक्षात असू द्या: ‘आजी, नुसते शब्द सांगा’ म्हटलं की पुष्कळांना शब्द आठवतच नाहीत, ते चालीला बांधलेले असतात. मग आजींना पेटीशिवाय, हळू आवाजात गुणगुणू द्या आणि ते रेकॉर्ड करा. खालच्या सुरात, वाद्यांविना म्हटलेलं यंत्राला कॅसेटपेक्षा किती तरी सोपं जातं. उरलेलं तुम्ही त्यांच्यासमोर वाचून दाखवा. चुकीचा शब्द ऐकला की त्या लगेच टोकतात, आणि तेवढ्या बाबतीत कुठल्याही मॉडेलपेक्षा भरवशाच्या असतात.

मसुदा फाइलमध्ये ठेवताना प्रत्येक ओळीपुढे कॅसेटवरची वेळ लिहा. पक्की झालेली ओळ तशीच ठेवा. मापावरून किंवा अर्थावरून दुरुस्त केलेल्या शब्दाला चौकोनी कंस करा. न लागलेल्या शब्दाच्या जागी [?] ठेवा आणि यंत्राने दिलेलं रूप शेजारी लिहा, पुसून टाकू नका. ‘गामांगी’सारखं निरर्थक दिसणारं रूपच नंतर कुणाला तरी खरा शब्द सुचवतं. गावचा एखादा जुना म्हणणारा ती फाइल वाचेल तेव्हा त्याला कंसांपुढच्या वेळा बघून फक्त तेवढेच तुकडे ऐकवता येतात, अख्खी कॅसेट नव्हे.